सर्व्हर रूमचा गॅस: किलो, सेकंद आणि बंद खोली

प्रश्न: साताऱ्यात आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूमसाठी एफएम-२०० या आग विझवणाऱ्या गॅसचे कोटेशन आले आहे: ५२.५ किलो गॅस, १० सेकंदांत डिस्चार्ज. खोली ६ बाय ५ मीटर, उंची २.८ मीटर. एवढा गॅस पुरेल का? आणि खोलीतून गॅस किती गळेल ते पाहणारी डोअर फॅन टेस्ट खरेच लागते का?

उत्तर:

२.८ मीटर ही उंची फॉल्स फ्लोअरपासून फॉल्स सीलिंगपर्यंतची असावी. मात्र वायरी फॉल्स फ्लोअरखाली आणि सीलिंगवरही असतात आणि आग तिथेही लागू शकते, म्हणून स्लॅबपासून स्लॅबपर्यंत मोजा. ती उंची ३.६ मीटर निघाली, तर घनफळ ८४ ऐवजी १०८ घनमीटर होते. सूत्र असे आहे:

```
W = (V / S) × C / (100 − C)
```

W म्हणजे गॅसचे किलो, V घनफळ आणि C खोलीच्या हवेतील गॅसची टक्केवारी. S म्हणजे एक किलो वायू किती घनमीटर जागा व्यापतो ते; २० अंशांना ०.१३७२. खोलीचे किमान तापमान यापेक्षा कमी असेल, तर त्या तापमानाचा S घ्यावा. डिझाइन ७.९ टक्क्यांचे धरले, तर १०८ घनमीटरला ६७.५ किलो लागतात. तुमचे ५२.५ किलो बरोबर ८४ घनमीटरचे आहेत. ते पूर्ण जागेत पसरले, तर टक्केवारी सव्वासहावर येते. हिशेबात समुद्रसपाटीचा दाब धरला आहे. सातारा त्याहून उंचावर असल्याने तेवढ्याच वजनाला टक्केवारी थोडी जास्त मिळते, पण माणसांचा वावर असलेल्या खोलीत ती ९ च्या वर जाऊ नये, हेही तपासून घ्या.

दहा सेकंदांची अट यासाठी, की ज्वाळा विझायला जितका उशीर, तितका गॅस विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइड अधिक तयार होतो, आणि ते माणसांना व सर्किटला दोन्हीला घातक असते. पाइप आणि नोझलचा हिशेब त्यासाठीच असतो, म्हणून फिटरने जागेवर पाइपचा मार्ग बदलला, तर तो पुन्हा करून घ्यावा.

टेस्ट मात्र टाळू नका. सांगलीच्या एका कार्यालयातील गोष्ट: सिलिंडर व्यवस्थित, हिशेब चोख, पण दारात पंखा बसवून आधी हवा आत ढकलली आणि मग बाहेर खेचली, तेव्हा रॅकच्या माथ्यावर गॅस अंदाजे चारच मिनिटे टिकेल असे निघाले, आणि हवे होते किमान दहा. हा वायू हवेपेक्षा सुमारे सहापट जड असल्याने तो खालच्या भोकांतून निसटतो आणि वरच्या फटींतून हवा आत येते. धुराची कांडी फिरवली, तेव्हा फॉल्स फ्लोअरखाली केबल जाण्यासाठी पाडलेल्या मुठीएवढ्या भोकात धूर सरळ ओढला जाताना दिसला. वर तर भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबली होती. भोके अग्निरोधक सीलंटने बुजवली, भिंत स्लॅबपर्यंत नेली आणि दुसऱ्या खेपेला अंदाज चौदा मिनिटांवर गेला.

खोली इतकी घट्ट केली, की डिस्चार्जच्या वेळी दाबाला बाहेर पडायला वाट द्यावी लागते, म्हणून प्रेशर रिलीफ व्हेंट हवा का, हे त्याच अहवालावरून ठरवा. पुढे कोणी नवी केबल ओढून भिंतीला भोक पाडले, तर टेस्ट पुन्हा करून घ्या.