गृहपाठ उतरवला जातो तेव्हा फसवले कोण जाते?

प्रश्न: मैत्रिणीने प्रयोगवही उतरवायला मागितली आणि मी दिली. शिक्षकांनी दोघींनाही शून्य गुण दिले. मी कोणाचे काही चोरले नाही, मग माझी चूक नेमकी काय?

उत्तर:

तुम्ही चोरी केली नाही हे खरे आहे. तुमच्या मैत्रिणीनेही केली नाही, कारण जे तिने घेतले ते तुमच्या संमतीने घेतले. पण या प्रकरणाचा चोरीशी संबंधच नाही. वहीच्या पहिल्या पानावर आपण नाव घालतो, तेव्हा तपासणाऱ्याला आपण एक ग्वाही देत असतो, की आतले काम माझे आहे आणि मला एवढे येते व एवढे येत नाही. ही ग्वाही खोटी निघाली तर फसतो तो वाचणारा, आणि त्याच्या वतीने संमती देण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता. पैसे मोजून दुसऱ्याकडून प्रबंध लिहून घेणाऱ्याला आपण दोषी धरतो, तेव्हा मूळ लेखकाची तक्रार नसते, उलट तो खूश असतो. तरीही ते वाङ्मयचौर्यच ठरते, ते याच कारणाने.

इतके मान्य करूनही तुम्हा दोघींना सारखेच शून्य मिळावे हे मला पटत नाही. या मुद्द्यावर माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी झालेला वाद आजतागायत मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. साध्या लंबकाचा प्रयोग मुलांना घरी करायला दिला होता. दोऱ्याला एखादे जड नट बांधायचे, चाळीस, साठ, ऐंशी आणि शंभर सेंटिमीटर अशा लांबी घ्यायच्या, प्रत्येक वेळी वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. बहुतेक वह्यांमध्ये प्रत्येक लांबीसाठी उत्तर 9.80 आले होते, ना थोडे कमी, ना थोडे जास्त. हाताने स्टॉपवॉच चालू-बंद करणाऱ्याकडून असे होत नाही. बोट दाबायला दहावा-पाचवा हिस्सा सेकंद इकडेतिकडे होतोच, आणि तेवढ्याने उत्तर कधी 9.7, कधी 9.9 असे हलते. ज्या वहीत ते हलत नाही, तिथे लंबक बहुधा हललेलाच नसतो. 9.8 हे उत्तर आधी धरायचे, सूत्रात घालायचे आणि त्यातून वेळ उलटा काढून 'निरीक्षणे' म्हणून लिहायचा, ही त्या वह्यांची कृती होती. माझ्या सहकाऱ्यांनी त्या सर्वांना पूर्ण गुण दिले, कारण उत्तर बरोबर होते.

दोन वह्यांत मात्र उत्तर 10.8, 10.9, 10.7 असे येत होते, आणि एक जागा सोडली तर दोन्हींतले आकडे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळत होते. नियमावर बोट ठेवून सहकाऱ्यांनी दोघींना शून्य दिले आणि विषय संपवला. मी त्या दोन वह्या घेऊन बसलो. ऐंशी सेंटिमीटरच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी साधारण 35.9 सेकंद लागायला हवेत. पहिल्या मुलीने 34.12 लिहिले होते. हा आकडा एकोणीस आंदोलनांचा आहे. नट सोडताक्षणीच तिने 'एक' म्हटले होते, म्हणजे तिचे 'वीस' एका आंदोलनाने आधीच पूर्ण झाले. ही चूक प्रत्येक लांबीला त्याच प्रमाणात होते, म्हणून तिची सगळी उत्तरे जवळपास सारख्याच अंतराने चढलेली होती. तिला जवळ बसवून मोजायला लावले, तर तिने माझ्यासमोरही तसेच मोजले. 'सोडताना शून्य म्हण' एवढे सांगितल्यावर 35.8 आले आणि ती स्वतःच हसली.

दुसऱ्या वहीत त्याच जागी 34.21 होते. शेजारच्या रकान्यात वीसने भागून आलेला आवर्तकाल मात्र 1.706 असाच होता. 34.21 ला वीसने भागले तर 1.7105 येतात, आणि 1.706 येतात ते 34.12 ला भागून. म्हणजे उतरवताना अंकांची अदलाबदल झाली, आणि पुढचा रकाना गणित न करता जसाच्या तसा उचलला गेला. कोणाची वही मूळ आणि कोणाची नक्कल, हे त्या एका ओळीने सांगितले. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून लिहिली गेली हे असेच ठरवतात: नक्कल मूळ प्रतीच्या चुका घेऊन येते आणि त्यात स्वतःची एखादी भर घालते. दोन वह्यांतली बरोबर उत्तरे जुळली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बरोबर उत्तर बहुधा एकच असते. जुळलेल्या चुका मात्र बोलतात.

माझे म्हणणे असे होते आणि आजही तसेच आहे. साऱ्या वर्गात ज्या मोजक्या मुलांनी खरोखर लंबक हलवला, त्यांतली एक ही मुलगी होती. तिची वही तिच्याविषयी खरे सांगत होती, चुकीसकट. तिला शून्य मिळाले आणि उलटे गणित मांडणाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले. न्याय कशाला म्हणायचे, हा प्रश्न इथे येतो, आणि नियमावली तो सोडवत नाही. गृहपाठात नकलेने सर्वाधिक नुकसान होते ते तिचे, जिने प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर लिहिले. तिच्या शेजारी सगळ्या वह्या बिनचूक दिसतात, म्हणून शिक्षकाला वाटते की वर्गाला समजले आहे, आणि तो पुढच्या धड्याकडे वळतो. आंदोलने कुठून मोजायची हे पुन्हा सांगायचे राहून जाते. जे वर्गातल्या अनेकांना येत नव्हते, ते एकटीलाच येत नाही असा तिचा समज होतो. खोट्या वह्या फक्त गुण खात नाहीत, त्या शिक्षकाची माहितीच बिघडवतात, आणि त्या बिघडलेल्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाची किंमत भलताच कोणी भरतो.

सहकाऱ्यांचे उत्तर असे होते की देणारा नसता तर घेणारा नसता, म्हणून दोघे सारखेच. मला हे आळसाचे तर्कशास्त्र वाटते. देणाऱ्याने स्वतःविषयी खोटे सांगितलेले नाही; दुसऱ्याच्या खोट्याला साहित्य पुरवले आहे. तो दोष आहे, पण वेगळा आणि कमी वजनाचा, आणि शिक्षेत तो फरक दिसला पाहिजे. शिवाय सारखी शिक्षा दिली की उद्या चांगली मुले कोणाला वही दाखवणेच बंद करतात. मग एकमेकांना समजावून सांगण्याची जी निरोगी सवय असते, तीही त्या भीतीत जाते.

नकलेत फसवणूक संमतीविना चालते, तशी ती हेतूविनाही पसरते, याचे मोठ्यांच्या जगातले एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या संशोधकांनी 2003 च्या सुमारास शोधनिबंधांच्या संदर्भसूचींतल्या छपाईच्या चुका तपासल्या. कॉस्टर्लिट्झ आणि थाउलेस यांचा 1973 चा एक प्रसिद्ध निबंध सुमारे 4300 वेळा संदर्भ म्हणून दिला गेला होता. त्यांपैकी 196 संदर्भांत खंड, पान किंवा वर्ष चुकले होते, आणि एकच विशिष्ट चूक 78 वेळा आली होती. इतक्या जणांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणे शक्य नाही. त्यांनी मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचलली होती. या पद्धतीने सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा मूळ निबंध वाचत असावा. अंदाजाच्या नेमकेपणाबद्दल वाद होऊ शकतो. पण यांतल्या कोणीही कोणाचे वाक्य चोरलेले नव्हते. 'मी हे पाहिले आहे' एवढेच त्यांनी न पाहता सांगितले होते, आणि वाचणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला होता. माझ्या वर्गातल्या त्या दुसऱ्या मुलीने 34.21 लिहिताना नेमके हेच केले, आणि तुमच्या मैत्रिणीनेही.

म्हणूनच मजकूर जुळवून टक्केवारी देणाऱ्या यंत्रणांवर विसंबून राहणाऱ्यांशी माझे पटत नाही. अवतरणचिन्हांत, लेखकाचे नाव देऊन उद्धृत केलेला उताराही तिथे 'जुळलेला' दिसू शकतो, आणि दुसऱ्याचा संपूर्ण युक्तिवाद शब्द बदलून मांडला तर तो सहज निसटतो. पहिल्यात वाचकाला सर्व ठाऊक आहे, दुसऱ्यात तो पूर्ण अंधारात आहे. टक्केवारी शब्द मोजते, वाचकाशी खरे बोलले गेले की नाही हे ती मोजत नाही.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. शिक्षकांकडे जाऊन 'मी चोरी केली नाही' असे म्हणू नका; ते खरे असले तरी त्यांच्या तक्रारीचे उत्तर नाही. तुमची कच्ची नोंद असेल, खाडाखोड असलेली, तर तीच घेऊन जा, आणि हे माप मी घेतले व वही मीच दिली, अशा दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. प्रयोग त्यांच्यासमोर पुन्हा करण्याची तयारी दाखवा. यापुढे कोणी वही मागितली तर प्रयोग बरोबर बसून करा आणि दोन्ही वह्यांत 'निरीक्षणे दोघींनी मिळून घेतली' असे लिहा. त्या एका ओळीने तीच कृती प्रामाणिक होते, कारण वाचणाऱ्यापासून लपवण्यासारखे काही उरत नाही. अर्थात शिक्षकांनी एकट्याने करायला सांगितले असेल तर ती ओळही पुरेशी नाही. मग फक्त कृती समजावून सांगा, आकडे देऊ नका.

काही गोष्टी मी वर सोडून दिल्या. मैत्रीण शब्दन् शब्द उतरवणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर तुमचा दोष मी म्हणतो त्याहून जास्त आहे. तिच्या घरी त्या आठवड्यात काही अडचण असेल, तर तिचा दोष कमी होतो, पण मार्ग मुदत वाढवून मागण्याचा होता. आणि जो शिक्षक वही न वाचता केवळ पाने भरली आहेत का हे पाहून सही करतो, त्याला विश्वासभंगाची तक्रार करण्याचा फारसा अधिकार उरत नाही, कारण त्याने ती ग्वाही कधी ऐकलीच नव्हती.

सहकाऱ्यांचा एक मुद्दा मी खोडू शकलेलो नाही. ते म्हणत, की प्रत्येक वेळी अंकांची अशी अदलाबदल सापडणार नाही, मग मूळ आणि नक्कल कशी ओळखणार? सापडली नाही तर दोघींना वेगवेगळे बसवून एकच माप पुन्हा घ्यायला सांगावे, हे माझे उत्तर. एवढ्या वह्यांसाठी एवढा वेळ कुठून आणायचा, हे त्यांचे. वेळ नसेल तर शून्यही देऊ नये, असे मी त्यांना म्हटले होते, आणि तुमच्या शिक्षकांनाही तेच म्हणेन.