रशियन माहितीपत्रकात 'देन' की 'सूत्की'?

प्रश्न: पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या पत्रकात 'दर ४ ते ६ तासांनी १-२ गोळ्या, २४ तासांत ८ पेक्षा जास्त घेऊ नका' असं आहे. रशियनमध्ये 'दिवसाला' लिहून चालेल का?

उत्तर: नाही. 'देन' म्हणजे दिवस, आणि तसं म्हटलं की रात्र धरायची की नाही, हे रुग्णावर सोडल्यासारखं होतं. सलग २४ तासांसाठी रशियनमध्ये 'सूत्की' हा स्वतंत्र शब्दच आहे, औषधांच्या पत्रकांत तो सर्रास असतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे जागा वाचवायला दोनांपैकी एक वाक्य गाळणं. दर ४ तासांनी २ गोळ्या घेतल्या तर २४ तासांत १२ होतात, म्हणजे ६ ग्रॅम. मर्यादा मात्र ४ ग्रॅमची. म्हणून अंतर आणि कमाल मात्रा दोन्ही हवंच.

'घेऊ नका'साठी 'नि प्रिनिमाय्ते' ठेवा. 'नि रेकमेन्दूयेत्सा' म्हणजे फक्त 'शिफारस नाही'. ऐकायला सभ्य वाटतं, पण इशारा मवाळ होतो.

शेवटी मूळ पत्रक न पाहिलेल्या अनुवादकाकडून रशियन मजकुराचा उलट अनुवाद करून घ्या आणि आकडे छपाईच्या प्रूफवरच ताडून पाहा. माझ्या एका कामात मांडणी करताना '४-६' मधली रेघच उडाली होती आणि '४६ तास' झालं होतं.