ग्रीटिंग, अवे आणि क्विक रिप्लाय: घरच्या केकच्या ऑर्डरी कुठला मेसेज पक्की करतो?

प्रश्न: इंदिरानगरला घरून केक करते. व्हॉट्सॲप बिझनेसवर ग्रीटिंग, अवे आणि क्विक रिप्लाय तिन्ही लावलेत, पण घोळ होतोय. ग्रीटिंग कधी जातं, कधी जातच नाही. अवे मेसेज सासूबाईंना आणि अंडीवाल्याला पण जातो. परवा तर एका ताईंनी रात्री मेसेज टाकला, त्यांना आपोआप उत्तर गेलं आणि त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केक न्यायला दारात! मी तर ऑर्डर वाचली पण नव्हती. नक्की कसं लावायचं?

उत्तर:

ताई, दारात आलेल्या ग्राहकापासून सुरुवात करू, कारण बाकीचे घोळ सेटिंगने सुटतात आणि हा शब्दांनी सुटतो. तुमच्या अवे मेसेजमध्ये बहुधा "धन्यवाद, तुमचा मेसेज मिळाला, लवकरच संपर्क करू" असं काहीतरी असणार. दुकानदाराच्या तोंडून "मिळाला, धन्यवाद" ऐकलं की गिऱ्हाइकाला ऑर्डर लागली असंच वाटतं, त्यात त्यांची चूक नाही. म्हणून तिघांची कामं आधी वाटून घ्या. ग्रीटिंग फक्त माहिती मागेल. अवे फक्त उत्तर कधी मिळेल ते सांगेल. ऑर्डर पक्की करायचा अधिकार एकाच मेसेजला, तो म्हणजे तुम्ही स्वतः वाचून, स्वतःच्या हाताने पाठवलेला क्विक रिप्लाय. आपोआप जाणाऱ्या दोन्ही मेसेजमध्ये "ऑर्डर अजून पक्की झालेली नाही" हे वाक्य असलंच पाहिजे.

आता ग्रीटिंग. Business tools मध्ये Greeting message उघडून Send greeting message चालू करा. हा मेसेज दोनच वेळा जातो: कुणी तुम्हाला पहिल्यांदा मेसेज केला तर, किंवा त्या माणसाशी १४ दिवस काहीच बोलणं झालेलं नसेल तर. म्हणून तो "कधी जातो, कधी जात नाही". गेल्या आठवड्यात कपकेक नेलेल्या बाईंना आज पुन्हा तो जाणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तपासताना बहुतेकजणी इथेच फसतात. घरातल्याच फोनवरून "हाय" टाकतात, त्या नंबरशी रोजचं बोलणं असतं, ग्रीटिंग जात नाही आणि ॲप बिघडलं असं वाटतं. ज्या नंबरशी कधीच बोलणं झालेलं नाही आणि जो सेव्हही नाही, अशा शेजारच्या फोनवरून तपासा. एकदा तपासलं की तोच नंबर लगेच दुसऱ्यांदा उपयोगाचा नाही, हेही लक्षात असू द्या.

ग्रीटिंगमध्ये मेनू, दर, पत्ता सगळं कोंबू नका. लांबलचक मेसेज कुणी वाचत नाही आणि मग तुम्हाला सगळं परत विचारावं लागतं. एवढं पुरतं:

"नमस्कार! केकसाठी कृपया एवढं लिहून पाठवा: १. वार आणि तारीख, किती वाजता हवा २. वजन (अर्धा किलो साधारण ५-६ जणांना होतो) ३. फ्लेवर, एगलेस की अंड्याचा ४. केकवर लिहायचं नाव, जसं हवं तसंच टाइप करून ५. स्वतः नेणार की पोहोचवायचा, कुठल्या भागात. ऑर्डर अजून पक्की झालेली नाही, वाचून उत्तर देते."

नाव टाइप करून मागायचं कारण म्हणजे फोनवर ऐकलेलं "ईशा" केकवर "इशा" होतं आणि मग वाद. लिहिलेलं असलं की समोर पुरावा असतो. भाग विचारायचं कारण नाशिकमध्ये वेगळं सांगायला नको. इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याला जाणं वेगळं आणि उन्हाळ्यात भरदुपारी क्रीमचा केक घेऊन नाशिकरोडला जाणं वेगळं. घरचा पत्ता मात्र ग्रीटिंगमध्ये टाकू नका. तो ॲडव्हान्स जमा झाल्यावर लोकेशनसह पाठवायचा, नाहीतर पहिलं "हाय" करणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे तुमचं घर पोहोचतं.

सासूबाई आणि अंडीवाले यांचा प्रश्न Recipients मध्ये सुटतो. तिथे चार पर्याय दिसतात: Everyone, Everyone not in address book, Everyone except… आणि Only send to…. ग्रीटिंगसाठी Everyone not in address book ठेवा, कारण नवं गिऱ्हाईक सेव्ह नसतंच. अवेसाठी तोच ठेवलात तर उलटा त्रास होतो. नेहमीची गिऱ्हाइकं तुम्ही सेव्ह केलेली असतात, त्यांना रात्री काहीच उत्तर जात नाही आणि तीच "ताईंनी बघितलं असेल" म्हणून निर्धास्त राहतात. म्हणून अवेला Everyone except… घ्या आणि घरचे, शाळेचे, मैदा-क्रीमवाले, अंडीवाले असे नंबर त्यातून वगळा. ही यादी आपोआप वाढत नाही. नवा पुरवठादार आला की त्याला हाताने घालावं लागतं.

अवेमध्ये Schedule चे तीन प्रकार आहेत. रोजच्यासाठी Outside of business hours. त्याकरता आधी बिझनेस प्रोफाइलमध्ये वारानुसार वेळा भराव्या लागतात, आणि त्या वेळा गिऱ्हाइकालाही दिसतात. तिथे ओव्हन चालू असण्याची वेळ नको, मेसेजला उत्तर देण्याची वेळ भरा. Custom schedule म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचा सलग काळ. गावाला जाताना किंवा नाताळात ऑर्डरी भरल्यावर तो उपयोगी, कारण तो संपला की आपोआप बंद होतो. Always send शक्यतो टाळा. चालू केलेलं बंद करायचं राहतं आणि तुम्ही समोर बसून बोलत असताना "सध्या उपलब्ध नाही" असा मेसेज जातो.

आणखी एक. फोन इंटरनेटवर नसेल तर अवे मेसेज जात नाही. रात्री वीज गेली, वायफाय बंद पडलं आणि मोबाइल डेटाही बंद असेल तर गिऱ्हाइकाला शांतताच मिळते. रात्री डेटा चालू ठेवा, आणि अँड्रॉइडवर या ॲपला बॅटरी वाचवण्याच्या बंधनातून मोकळं करा.

अवेच्या मजकुरात सगळ्यात घातक शब्द "उद्या". रात्री साडेदहाला वाचणाऱ्याचा उद्या आणि रात्री साडेबाराला वाचणाऱ्याचा उद्या यांत एक दिवसाचा फरक आहे, मेसेज मात्र दोघांना एकच जातो. सुट्टीचा वारही लिहा, नाहीतर रविवारी रात्री तुम्ही सोमवारी सकाळचं खोटं आश्वासन देऊन बसाल. असा लिहा:

"हा मेसेज आपोआप जातो, तुमचा निरोप अजून वाचलेला नाही. ऑर्डर पक्की झालेली नाही. सकाळी ९ नंतर उत्तर देते, सोमवारी सुट्टी. ज्या दिवशी केक हवा त्याच्या आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत ऑर्डर घेते. त्याहून घाई असेल तर माझ्या उत्तरासाठी थांबू नका."

शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, गिऱ्हाईक आपणच घालवतोय असं वाटतं. पण ज्यांच्या घरी वाढदिवस आहे त्यांना वेळेत दुसरीकडे जाता आलं पाहिजे. नवं गिऱ्हाईक रात्री आलं तर ग्रीटिंग आणि अवे दोन्ही लागोपाठ जाऊ शकतात, म्हणून दोन्हीत "नमस्कार" नको. एकाखाली एक ठेवून वाचून बघा.

आता क्विक रिप्लाय. Quick replies मध्ये अधिकाच्या खुणेवर दाबून मजकूर आणि शॉर्टकट भरायचा. चॅटमध्ये `/` टाइप केलं की यादी येते. ५० पर्यंत ठेवता येतात, पण पाच-सहा पुरतात. जास्त झाले की नेमका हवा तो सापडत नाही. शॉर्टकट इंग्रजी अक्षरांत आणि छोटे ठेवा, म्हणजे एका हाताला क्रीम लागलेलं असतानाही जमतं: `/dar`, `/adv`, `/pakki`, `/nahi`, `/patta`. निवडलेला मजकूर लगेच जात नाही, आधी लिहायच्या चौकटीत येतो, तिथे बदल करून मग पाठवता येतो. हीच त्याची खरी सोय. मेनूकार्डाचा फोटो क्विक रिप्लायमध्ये जोडता येतो, पण फोटोवाला रिप्लाय कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲप वेबवर चालत नाही. म्हणून दरांचा निव्वळ मजकूर वेगळा ठेवाच.

एक ऑर्डर शेवटपर्यंत नेऊन बघू. शुक्रवारची रात्र, घड्याळात १२ वाजून २० मिनिटं. गंगापूर रोडवरून नव्या नंबरचा मेसेज: "उद्या संध्याकाळी १ किलो चॉकलेट केक हवा, एगलेस." ग्रीटिंग आणि अवे दोन्ही गेले. कॅलेंडरप्रमाणे शनिवार, १४ तारीख सुरू झाली आहे, पण त्या बाई अजून झोपलेल्या नाहीत, त्यांच्या हिशेबी उद्या म्हणजे शनिवार की रविवार हे कळायला मार्ग नाही. सकाळी ९ ला पहिलं काम हेच विचारणं: "शनिवार १४ की रविवार १५?" उत्तर शनिवार आलं, तर आदल्या रात्रीचे ८ उलटून गेलेत. `/nahi` पाठवा: "त्या दिवसाच्या ऑर्डरी बंद झाल्या आहेत, क्षमस्व." रविवार आलं तर `/dar`, आणि त्यानंतर `/adv`:

"एकूण ₹___, त्यातले निम्मे ₹___ आधी. आज ___ वाजेपर्यंत आले तर जागा राखते. पैसे माझ्या खात्यात जमा झालेले दिसले की ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज करते."

समजा तुमचा दर ९५० आहे, तर ॲडव्हान्स ४७५. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच `/pakki`:

"ऑर्डर पक्की. वार ___ तारीख ___ वेळ ___. वजन ___ फ्लेवर ___ एगलेस/अंड्याचा. केकवर: ___. जमा ₹___, बाकी ₹___. काही चुकलं असेल तर आज रात्री ८ पर्यंत सांगा."

इथे वार आणि तारीख दोन्ही लिहायची. एक चुकली तरी दुसरीवरून गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं. मोकळ्या जागा ठसठशीत रेघांनीच ठेवा. नुसतं अंतर सोडलं तर घाईत रिकामीच जाते, आणि मागच्या बाईंचा "चॉकलेट, एगलेस" तसाच मजकुरात सेव्ह केलेला असेल तर तो अंड्याचा केक मागणाऱ्याला जातो. म्हणून क्विक रिप्लायमध्ये कधीही खऱ्या ऑर्डरचा तपशील सेव्ह करू नका. मूळ कोरा ठेवा, भरायचं ते चॅटमध्ये.

`/adv` पाठवलं की त्या चॅटला Pending payment हे लेबल लावा, पैसे दिसले की Paid. रात्री झोपायच्या आधी पहिलं लेबल उघडायचं. दिलेली वेळ उलटून गेलेल्यांना `/nahi`, आणि रविवारची ती जागा दुसऱ्याला मोकळी.