एक्झिट इंटरव्ह्यूच्या सारांशातली कारणं आणि राग

प्रश्न: मी एका कंपनीत एचआरला आहे. गेल्या सहामाहीत सोडून गेलेल्यांच्या एक्झिट इंटरव्ह्यूचा सारांश मॅनेजमेंटला दिला, तर साहेबांनी "ही सगळी रडगाणी आहेत, कारणं कुठे आहेत?" असं लिहून परत पाठवला. वारंवार येणारी कारणं आणि एकेकाचा वैयक्तिक राग वेगळे कसे करायचे?

उत्तर:

मी चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं आहे. तिथलाच एक सारांश कसा बदलला ते सांगते. ओळख पटू नये म्हणून विभाग आणि आकडे थोडे बदलले आहेत.

सहामाहीत १४ जण गेले, सगळे डिप्लोमा किंवा बीई झालेले सुपरवायझर आणि इंजिनियर. असेंब्लीचे ६, क्वालिटीचे ४, डिस्पॅचचे ३ आणि मेंटेनन्सचा १. पहिल्या सारांशात असं होतं: "११ जणांनी चांगली संधी आणि पगार हे कारण दिले. ७ जणांनी वरिष्ठांच्या वागणुकीबद्दल नाराजी व्यक्त केली. ६ जणांना प्रगतीची संधी वाटत नव्हती." खाली दोन पानं उतारे, आणि त्यातलं दीड पान एकट्या असेंब्लीच्या एका मुलाचं. प्लांट हेडने ते दीड पान वाचलं, मुलगा कोण ते ओळखलं आणि "तो पहिल्यापासून तसाच होता" म्हणून अख्खा कागद बाजूला ठेवला. एका माणसाचा राग समोर आला की बाकीच्या १३ जणांचं म्हणणंही त्याच्याबरोबर कचऱ्यात जातं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालंय.

आम्ही मूळ नोंदी पुन्हा काढल्या आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: यात घडलेली गोष्ट कोणती? त्या मुलाने लिहिलं होतं, "मॅनेजरला माणसांची किंमत नाही, हुकूमशाही आहे, माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मी लाइनवर उभा होतो." हुकूमशाही हे त्याचं मत आहे. ते खरं असेल किंवा नसेल, पण तपासता येत नाही. साखरपुडा रविवारी होता, सुट्टी मंजूर होती आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतर ती रद्द झाल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर आला, ही घडलेली गोष्ट. ती हजेरीपटाशी ताडून पाहता येते. म्हणून सगळ्यात जास्त चिडलेल्या माणसाची मुलाखत फेकून द्यायची नाही. त्यातून घटना काढून घ्यायची, विशेषणं फाइलमध्ये ठेवायची.

अशा घटना वेगळ्या लिहिल्यावर दिसलं, की साप्ताहिक सुट्टी आयत्या वेळी रद्द होण्याचा विषय ९ जणांच्या बोलण्यात होता. पहिल्या सारांशात तो कुठेच नव्हता, कारण तो तीन ठिकाणी विखुरला होता. कोणी "वरिष्ठांची वागणूक" म्हणून सांगितला, कोणी "घरची अडचण" म्हणून, तर एकाने "तब्येत" म्हणून. फॉर्मवरच्या रकान्यांनुसार बेरीज केली की हे असंच होतं.

मोजताना माणसं मोजायची, उल्लेख नव्हे. एकाने तीच गोष्ट पाच वेळा सांगितली तरी ती एकच. त्या ९ जणांत दोघे एका खोलीत राहणारे होते, एकाच कंपनीत बरोबर गेले आणि जवळपास सारख्याच शब्दांत बोलले. त्यांना आम्ही एक आवाज धरला, म्हणजे ८ उरले. हे ८ जण तीन वेगवेगळ्या विभागांतले, तीन वेगवेगळ्या मॅनेजरांच्या हाताखालचे होते. एकाच विभागातले असते तर मी ते त्या विभागाचं कारण म्हणून लिहिलं असतं, कंपनीचं नाही. शिवाय कोणी आपणहून सांगितलं आणि कोणी "सुट्टीचा त्रास होता का?" असं विचारल्यावर हो म्हटलं, याचीही खूण ठेवा. विचारल्यावर आलेल्या होकाराचं वजन कमी धरायचं.

आता "चांगली संधी आणि पगार" म्हणणाऱ्या ११ जणांचं. नोटीस पीरियडवर असलेला माणूस खरं बोलत नाही आणि त्याला दोष देता येत नाही. त्याचं रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल अजून आपल्याच हातात असतं, शिवाय पुढच्या कंपनीचा फोन त्याच्या जुन्या साहेबालाच येणार असतो. म्हणून हिशेब पूर्ण झाल्यावर महिना-दीड महिन्याने पुन्हा फोन करावा आणि "का सोडलं?" असं न विचारता "पहिल्यांदा दुसरीकडे अर्ज कधी टाकला, त्या आठवड्यात काय चाललं होतं?" असं विचारावं. माणूस कारणापेक्षा तारीख जास्त प्रामाणिकपणे सांगतो.

आमच्याकडे राजीनामे मे-जूनमध्ये आले होते, पगारवाढीच्या पत्रांनंतर. त्यामुळे सगळ्यांनी ते पगारावर ढकललं. पण फोनवर बोललेल्या बहुतेकांनी अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकले होते. मार्च एंडचं डिस्पॅच गाठण्यासाठी सलग रविवार भरले जात होते, तेव्हा. वाढ हातात पडेपर्यंत ते थांबले, एवढंच. दोघे तर जवळपास तेवढ्याच पगारावर गेले. क्वालिटीच्या तिघांच्या बाबतीत मात्र पगार हेच कारण होतं. त्यांना बरीच मोठी वाढ मिळाली आणि त्यांनी सुट्टीचा विषयही काढला नाही. त्यांना जबरदस्तीने आपल्या कारणात बसवायचं नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. गेलेले लोक एखादी तक्रार करतात, यावरून तेच जाण्याचं कारण ठरत नाही, कारण राहिलेले लोकही तीच तक्रार करत असतील. म्हणून जिथून लोक गेले नाहीत तिथे पाहायचं. आमच्याकडे ते ठिकाण होतं मेंटेनन्स. मशिन बंद असतात म्हणून मेंटेनन्सवाले रविवारी असेंब्लीपेक्षाही जास्त येतात, तरी सहा महिन्यांत तिथला एकच माणूस गेला, तोही गावी शेती बघायला. मग फरक कशात? हजेरीपट आणि कॉम्प-ऑफ रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलं. मेंटेनन्सचा रविवारचा तक्ता बुधवारी बोर्डावर लागायचा आणि बदली सुट्टी त्याच आठवड्यात मिळायची. बाकी तीन विभागांत निरोप शनिवारी संध्याकाळी यायचा आणि कॉम्प-ऑफ ३० दिवसांत घेतला नाही तर बुडायचा. तो घ्यायला मंजुरी लागायची आणि मार्चमध्ये मंजुरी मिळणं शक्यच नव्हतं.

इथे कारणच बदललं. "रविवारी काम" असं लिहिलं असतं तर साहेब म्हणाले असते, ऑर्डर आहे, काम तर करावंच लागेल. तिथे विषय संपला असता. कारण होतं उशिरा येणारा निरोप आणि बुडणारी बदली सुट्टी. या दोन्ही गोष्टी एकही ऑर्डर न सोडता बदलता येतात.

नव्या सारांशाचा पहिला परिच्छेद असा झाला:

"१४ पैकी ८ स्वतंत्र व्यक्तींनी (असेंब्ली, क्वालिटी, डिस्पॅच) साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी रद्द होणे आणि बदली सुट्टी बुडणे हे सांगितले. ६ जणांनी न विचारता सांगितले. फेब्रुवारी-मार्चचा हजेरीपट व कॉम्प-ऑफ रजिस्टर याला दुजोरा देतात. मेंटेनन्समध्ये रविवारचे काम अधिक असूनही तक्ता बुधवारी लागतो व बदली सुट्टी त्याच आठवड्यात मिळते. तेथून या कारणाने कोणीही गेलेले नाही. संख्या लहान असल्याने हे ठाम अनुमान नाही. तीन विभागांत तक्ता बुधवारी लावून एक तिमाही पाहावे."

यात मॅनेजरचं नाव नाही, एकही विशेषण नाही, उतारा नाही. दुसरा परिच्छेद क्वालिटीच्या पगाराचा, दोन ओळींचा. तिसरा एकेकट्याने सांगितलेल्या गोष्टींचा: कँटीन, बसचा मार्ग, बढतीत डावललं गेल्याची भावना. प्रत्येकाला एक ओळ आणि पुढे "एका व्यक्तीचे म्हणणे, पडताळलेले नाही". तेही सारांशात राहू द्या, कारण पुढच्या सहामाहीत तीच ओळ चौघांकडून आली तर ती वर चढवायची असते.

लहान विभागाबद्दल काळजी घ्या. तीन माणसांच्या डिस्पॅचमधून कोण काय बोललं हे नाव न लिहिताही कळतं. म्हणून आम्ही विभागवार फोड दिली नाही, तिन्ही विभागांची मिळून संख्या दिली. बहिणीच्या साखरपुड्यासारखा तपशीलही आत गेला नाही. पटवून देण्यासाठी तो घालावासा वाटतो, पण त्याच एका वाक्यावरून माणूस ओळखला जातो आणि पुढे त्याच्या संदर्भाच्या फोनवर त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

शेवटी, काही गोष्टी किती जणांनी सांगितल्या हे बघायचंच नसतं. लैंगिक छळ, मशिनचं सेफ्टी गार्ड काढून काम करायला लावणं, पैशांची अफरातफर किंवा जातीवरून अपमान एकाच व्यक्तीने सांगितला, तोही खूप रागात सांगितला, तरी तो "वैयक्तिक" या रकान्यात टाकायचा नाही आणि सहामाही सारांशाची वाटही बघायची नाही. लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते, आणि समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तुम्ही ती गोष्ट सहामाही अहवालासाठी बाजूला ठेवलीत तर त्या बाईची मुदत तुमच्या फाइलमध्ये संपून जाईल. त्याच दिवशी तिला सांगा की समितीकडे जाता येतं, नोकरी सोडली तरी जाता येतं, आणि लेखी तक्रार करणं तिला शक्य नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. मॅनेजमेंटच्या सारांशात याबद्दल फक्त एवढंच: "एक बाब स्वतंत्रपणे संबंधित समितीकडे पाठवली आहे." संख्या इतकी लहान असेल की त्या ओळीवरूनही अंदाज बांधला जाईल, तर तीही ओळ गाळा.