सर्च रिपोर्ट स्वच्छ आहे, पण बहिणीची सही?

"इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर ७८ लाखांत ठरतंय. विकणारे दोघे भाऊ. वडील मृत्युपत्र न करता गेले, आई आधीच गेली. बहीण पुण्याला असते, 'तिला काही नको' असं ते म्हणतात. वकिलांचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ आहे, बँकेचं लोनही मंजूर झालंय. दहा लाख बयाणा देऊन टाकू का?"

आत्ता देऊ नका. रिपोर्ट खोटा नाही, पण त्याने काय पाहिलं ते समजून घ्या. वकील रजिस्ट्रार कार्यालयात त्या मालमत्तेच्या रजिस्ट्र्या आणि नोंदलेली गहाणखतं शोधतात, नगर निगमातलं नामांतरण पाहतात आणि मालकीची साखळी जुळते का ते सांगतात. वारसाहक्क मात्र मृत्यूच्या क्षणी मिळतो, त्याची रजिस्ट्री होत नाही. तो नोंदवहीत दिसणार कसा? निगमात नावं दोघा भावांचीच चढली, म्हणून मालकी त्या दोघांचीच होत नाही. नामांतरण करासाठी असतं.

हिंदू वारसा कायद्याने इथे तिघांना सारखा हिस्सा, म्हणजे बहिणीचा एक तृतीयांश, २६ लाखांचा. तिच्या सहीविना झालेली रजिस्ट्री फक्त भावांचे दोन हिस्से तुम्हाला देईल. शिवाय राहत्या, अविभक्त घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला कुटुंबासोबत ताब्याचा हक्क मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ म्हणतं. हप्ते मात्र चालूच राहतील. बँकेच्या वकिलाने रिपोर्ट बँकेसाठी पाहिलाय, हे विसरू नका. वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली आणि कोणी हरकत घेतली नाही, तरी तिचा हक्क संपत नाही.

म्हणून तिचं तोंडी 'नको' चालणार नाही. तिने रजिस्टर्ड हक्कत्यागपत्र द्यावं किंवा, मला जास्त पसंत असलेला मार्ग, विक्रेती म्हणून रजिस्ट्रीवर स्वतः सही करावी. पैसे भावांनाच मिळावेत असं तिला वाटत असेल, तर तेही कागदावर यावं. भावांशिवाय, तुम्ही स्वतः तिच्याशी एकदा बोला.

दोन गोष्टी आणखी बघून घ्या. बहिणीने वाटणीचा दावा आधीच लावला असेल, तर त्याचा निकाल तुम्हालाही बांधील. मध्य प्रदेशात असा दावा रजिस्ट्रार कार्यालयात नोंदलेला नसला तरी. म्हणून इंदूर जिल्हा न्यायालयाच्या ई-कोर्ट्सवर तिघांची नावं, स्पेलिंग बदलून बदलून, शोधायला सांगा. दुसरं, मूळ कागद हातात घेऊन पाहा. नुसते कागद बँकेकडे ठेवूनही गहाण होतं आणि रजिस्ट्रीच्या शोधात ते सुटू शकतं. गहाणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या सरसाईच्या नोंदीही तपासून घ्या.

भाऊ 'नुकसान झालं तर भरून देऊ' असं रजिस्ट्रीत लिहून देतील. जरूर घ्या, पण घर विकून आलेले पैसे त्यांनी खर्च केल्यावर वसूल कोणाकडून करणार? बयाणा देणं भागच असेल, तर एक लाखापर्यंत द्या, चेकने, आणि करारात अट घाला: अमुक तारखेपर्यंत बहिणीची सही आली नाही तर पैसे परत. ही अट त्यांनी नाकारली, तर हे घर सोडा.