एकट्या शिवणाऱ्या बाईनं चार आठवड्यांच्या पोस्ट कशा आखाव्यात?

प्रश्न: शिवणकाम मी एकटीच करते. मापापासून इस्त्रीपर्यंत सगळं माझ्याच अंगावर. इन्स्टाग्रामसाठी चार आठवड्यांचं वेळापत्रक आखायचंय, पण वेळ जवळजवळ नाहीच. किती पोस्ट ठेवू आणि त्या कधी तयार करू?

उत्तर: आठवड्याला दोनच ठेवा, म्हणजे चार आठवड्यांत आठ. एक हातातल्या कामाची, दुसरी त्याच कामावरून गिऱ्हाईक नेहमी विचारतं त्या प्रश्नाची. शूटिंगसाठी वेगळा वेळ काढायच्या फंदात पडू नका, तो कधीच निघत नाही. दर सोमवारी ऑर्डरच्या वहीतलं एक काम निवडा आणि दोन्ही पोस्ट त्याच कपड्यातून काढा. गिऱ्हाइकाची परवानगी कपडा घेतानाच विचारून ठेवा. चेहरा नको, फक्त कपडा दाखवणार म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

समजा, पहिल्या आठवड्यात कंबरेला घट्ट झालेला ड्रेस सैल करायला आलाय. त्याच्या चार क्लिप घ्यायच्या, प्रत्येकी दहा सेकंदांच्या: आला तसा, उलटा करून आतली माया टेपनं मोजताना, उसवताना आणि शेवटी इस्त्री झाल्यावर. यातल्या पहिल्या दोन हमखास राहून जातात, कारण कामाच्या नादात उसवणी आधी हातात येते आणि एकदा टीप उसवली की ‘आधीचा’ कपडा परत मिळत नाही. मग नुसता तयार ड्रेस दाखवून काय बदललं ते कुणाला कळत नाही. म्हणून कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात ‘फोटो’ लिहा. चिठ्ठी काढल्याशिवाय काम सुरू होत नाही, त्यामुळे ते नजरेला पडतंच.

दुसरी पोस्ट याच ड्रेसवर: ‘माझा ड्रेस किती सैल होईल?’ दोन बाजूंच्या शिलाया, प्रत्येकीला कापडाच्या दोन कडा, म्हणजे एकूण चार कडा. प्रत्येक कडेतून पाव इंच सोडला तर घेर एक इंचानं वाढतो. आत पाऊण इंच माया असेल, तर पाव इंच सोडूनही नव्या शिलाईला अर्धा इंच उरतो, तेवढा पुरतो. पण जुन्या टीपेची भोकं किंवा न विटलेली पट्टी बाहेर दिसू शकते. सॅटिनवर तर भोकं बहुतेक राहतातच. त्या रेषेचा एक जवळून फोटो टाका. हे आधीच पाहिलेलं गिऱ्हाईक कपडा नेताना वाद घालत नाही.

दुसऱ्या आठवड्यात चेन बदलायचं काम घ्या आणि तिसऱ्यात अस्तर लावायचं. त्यांच्यासोबतचे प्रश्न अनुक्रमे ‘चेन सारखी का अडकते?’ आणि ‘मापाला येताना काय घालून येऊ?’ दुसऱ्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: त्या कपड्याखाली जे आतले कपडे आणि ज्या टाचेची चप्पल घालणार, तेच घालून या, नाहीतर छातीचं माप आणि उंची दोन्ही चुकतात.

फोनचा स्टँड मशीनच्या टेबलावर ठेवू नका, मोटर चालली की चित्र थरथरतं. वेगळ्या स्टुलावर, तुमच्या डाव्या हाताला ठेवा. उजवीकडून मशीनचंच अंग सुईच्या आड येतं. काळं कापड असेल तर फोन आपोआप उजेड वाढवतो आणि कापड राखाडी दिसतं. स्क्रीनवर कापडावर बोट टेकवा, उजेड थोडा खाली ओढा आणि खिडकीचा प्रकाश बाजूनं येऊ द्या, मग टीप उठून दिसते.

शनिवारी अर्धा तास बसा. क्लिप जोडा, मजकूर टाइप न करता बोलून लिहा आणि मेटा बिझनेस सूटमधून पुढच्या आठवड्याच्या दोन्ही पोस्टना वार-वेळ लावून टाका. या आठवड्यात टिपलेलं पुढच्या आठवड्यात जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात फोनमध्ये आधीपासून असलेले तयार कामाचे दोन फोटो वापरा. चौथ्या आठवड्यात जे टिपाल ते पुढच्या महिन्याचं पहिलं काम. ही एका आठवड्याची शिल्लक मोडू नका. गर्दीच्या दिवसांत तीच सांभाळून घेते.

एक गोष्ट मात्र आधीपासून ठरवून ठेवता येत नाही, ती म्हणजे ‘ऑर्डर घेत आहे’ ही ओळ. तिचा निर्णय शनिवारी वही बघून करा. आज आलेला कपडा ट्रायलसकट कोणत्या तारखेला देता येईल ते मोजा आणि तीच तारीख पोस्टखाली लिहा. तारीख तीन आठवड्यांपलीकडे जात असेल तर ओळ काढा आणि पोस्ट आहे तशीच जाऊ द्या. बरेच जण अशा वेळी पोस्टच थांबवतात आणि हातातलं काम संपल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.