‘संत्रं’ला यमक मिळेना!

प्रश्न : आमच्या महिला मंडळात कोड्यांची स्पर्धा आहे. चार ओळींचं कोडं रचायचं, शेवटच्या ओळीत उत्तराची जागा रिकामी ठेवायची आणि ते यमकावरून ओळखू आलं पाहिजे, असा नियम आहे. नागपूरच्या बाईनं संत्र्यावर लिहू नये तर कशावर? पण ‘त्रं’नं संपणारे शब्द शोधायला बसले तर ‘कुत्रं’शिवाय काही हाती लागत नाही. संत्र्यात कुत्रं कसं घुसवू?

उत्तर : ताई, कुत्र्याला बाहेरच राहू द्या. तुम्ही शब्द डोळ्यांनी शोधता आहात, म्हणून अडलंय. ‘त्र’वरचा तो टिंब कागदावर दिसतो, पण कानाला तिथं काय ऐकू येतं? एकदा मोठ्यानं म्हणा : संत्रं. आता म्हणा : मंत्र. पुन्हा एकदा : यंत्र, तंत्र, संत्रं. शेपूट एकच आहे.

हे असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढचं शोधणं सोपं जाईल. मराठीत शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘अ’ आपण सहसा उच्चारत नाही. ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. त्यावर टिंब दिला की ‘घरं’ होतं, आणि तो गिळलेला ‘अ’ परत ऐकू येतो. म्हणजे आजच्या बोलण्यात ह्या टिंबाचं काम नाकातून बोलायला सांगण्याचं उरलेलंच नाही. शेवटचा ‘अ’ गिळू नका, एवढंच तो सांगतो. पण शब्दाच्या शेवटी ‘त्र’सारखं जोडाक्षर आलं, तर जिभेला तिथं एकदम थांबताच येत नाही. ‘मंत्र्’ म्हणून बघा, जीभ अडखळते आणि आपसूक एक ‘अ’ सुटतो. म्हणून ‘मंत्र’ला टिंबाची गरज नाही, त्याच्याशिवायही तो ‘अ’ ऐकू येतोच. अगदी कान लावला तर ‘संत्रं’मधला ‘अ’ जरा जास्त लांबतो हे खरं. पण ओळीच्या शेवटी आपण सगळंच थोडं ओढून म्हणतो, त्यात हा फरक बुडून जातो.

आता यमकाची शेपूट कुठून धरायची? नुसतं शेवटचं अक्षर जुळवलं तर ‘संत्रं’ला ‘कुत्रं’, ‘पत्र’, ‘मित्र’ सगळेच चालतील, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटेल. शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वर आणि त्याच्यापुढचं सगळं जुळायला हवं. गझल लिहिणारे ह्या आधीच्या स्वराला ‘अलामत’ म्हणतात आणि तो चुकला तर शेर बाद करतात. आपण कोडंवाले तितके कडक नसू, पण कोड्यात यमक हीच खूण असते, तेव्हा ढिलाई केली तर उत्तर ओळखू येत नाही. ‘संत्रं’ची शेपूट ‘अन्त्र’ अशी आहे. त्यात ‘न्’सुद्धा आला, म्हणून ‘पत्र’, ‘छत्र’, ‘नक्षत्र’ हे जवळचे पाहुणे खरे, घरचे नव्हेत. ‘कुत्रं’ची शेपूट ‘उत्र’. उद्या कुत्र्यावर कोडं करायचं झालं तर त्याला ‘सूत्र’ छान बसेल; ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा फरक तिथं कानाला जाणवत नाही. (आणखीही एक शब्द बसतो, पण तो मंडळात म्हणता यायचा नाही.)

शेपूट ठरली की तिच्यापुढे क, ख, ग, घ अशी मुळाक्षरं ओळीनं लावत जायचं : कंत्र, खंत्र, गंत्र… बहुतेक अक्षरांना अर्थच नाही, पण ‘त’ला तंत्र सापडतं, ‘म’ला मंत्र, ‘य’ला यंत्र. मग ह्यांच्या मागे काही चिकटलेलं आठवायचं : स्वतंत्र, परतंत्र, षड्यंत्र, कानमंत्र. इथं एक खड्डा आहे. ‘मंत्र’ आणि ‘कानमंत्र’ एकाच कोड्यात वापरले तर ते यमक होत नाही, तोच शब्द दोनदा आला असं वाटतं. ‘तंत्र’ आणि ‘स्वतंत्र’चंही तसंच. जोडीतला एकच घ्या.

मी करून बघितलं ते असं. आधी संत्र्याबद्दल खऱ्या तीन गोष्टी घेतल्या. साल सैल असते, हातानं सुटते. आत फोडी असतात आणि प्रत्येकीला आपलं पातळ वेष्टन असतं. आणि बागायतदार बागेचं पाणी काही काळ तोडून झाडांना ताण देतात, मग पाणी सोडलं की बहार फुटतो. आंबिया किंवा मृग, ज्याला जो धरायचा तो. आता प्रत्येक गोष्टीला शेपटीचा एकेक शब्द देऊन पाहा. साल हातानं सुटते, म्हणजे ‘यंत्र’ नको. फोडींची वेष्टनं वेगळी, म्हणजे ‘स्वतंत्र’. ताण द्यायची ती रीत म्हणजे ‘मंत्र’. तिथं ‘तंत्र’ जास्त नेमकं बसलं असतं, पण ‘स्वतंत्र’ आधीच येऊन बसलंय.

सोलायाला नको सुरी, नको कुठलं यंत्र;
दहा बहिणी एका घरी, पदर तरी स्वतंत्र.
ताण दिला की बहार येतो, माळ्याचा हा मंत्र;
काटोलहून आलं बाई, सांगा बरं — ______

फोडी दहाच असतील असं नाही, एखादी कमीजास्त निघते; बहिणी किती ते मोजायला कुणी सोलून बसणार नाही. चाल ठीक आहे, हवं तर तुम्ही बदला. पण बघा, तीन ओळी कानात ‘अन्त्र’ भरतात आणि चौथीला ऐकणारी बाई स्वतःच ते शेपूट शोधते. काटोलहून येणारी आणि ह्या शेपटीची एकच वस्तू आहे.

एवढ्यावर एक नागपुरी आडकाठी येईल. आपल्याकडे बरेच जण ‘संत्रं’ म्हणतच नाहीत, ‘संत्रा’ म्हणतात. स्टेशनजवळच्या बाजारालाही आपण संत्रा मार्केटच म्हणतो. मंडळातल्या बायकांच्या तोंडी ‘संत्रा’ असेल तर त्या हेच उत्तर देतील आणि तुमचं यमक लंगडं पडेल. ‘अन्त्रा’ला चांगला जोडीदार मला सापडला नाही. ‘जत्रा’ जवळ येतो, पण त्यात ‘न्’ नाही. मात्र ‘जत्रा’ला लगेच ‘सतरा’ आणि ‘खतरा’ मिळतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लिहिताना ‘सतरा’त तीन अक्षरं, म्हणताना ‘सत्रा’. शब्दाच्या मधलाही ‘अ’ आपण असा गिळतो आणि मग कागदावर न जुळणारे शब्द तोंडात जुळतात. तर ‘संत्रा’ची ही आडकाठी टाळायला शेवटच्या ओळीत ‘आलं बाई’ ठेवलंय. ‘आलं’मुळे उत्तर नपुंसकलिंगी आहे हे कळतं आणि ‘संत्रा’ आपोआप गळतो.

उलटंही होतं. डोळ्यांना जुळलेलं दिसतं आणि कान नाही म्हणतो. ‘सुख’ आणि ‘दुःख’ आपण कायम जोडीनं म्हणतो, म्हणून ते यमक वाटतं. म्हणून बघा : ‘सुख्’ आणि ‘दुक्ख’. एकाचा शेवट कोरडा, दुसऱ्यात ‘ख’ला जोर बसतो आणि मागे ‘अ’ राहतो. तसंच ‘मजा’ आणि ‘रजा’ छान जुळतात, कारण दोन्हींतला ‘ज’ ‘जवळ’मधला आहे, दातांशी येणारा. ‘प्रजा’तला ‘ज’ ‘जेवण’मधला. लिपीत दोन्ही ‘ज’ एकच, त्यामुळे कागदावर ही तिन्ही भावंडं दिसतात. जुन्या-नव्या कवितांत ‘च’, ‘ज’, ‘झ’चे असे मेळ चालवून घेतलेले दिसतात, आणि मीही त्याला चूक म्हणणार नाही; पण कोडं ऐकवायचं असेल तर मी ते टाळतो.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीत तर कानाला आणखी मोकळं रान मिळतं. ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे ‘काळा’ म्हणजे ‘काया’ आणि ‘शाळा’ म्हणजे ‘शाया’. मग ‘रंगानं काया, झाडाची छाया’ असं बेधडक जुळतं, जे पुणेरी कानाला कधीच सुचणार नाही. पण हे यमक ज्याच्या तोंडात बोली आहे त्याच्यापुरतंच. लिहून देणार असाल तर ‘काया’च लिहा. वाचणारीनं ते सुधारून ‘काळा’ म्हटलं की यमक मोडलं. आणि शहरात वाढलेल्या पोरींना ‘काया’ म्हणजे शरीर वाटेल, तेही ध्यानात असू द्या.

ही सुधारण्याची सवयच कोड्याचा घात करते. माझं पाखरांवरचं एक कोडं एकदा एका छोट्या अंकात छापून आलं. मी ‘पाखरं’ लिहिलं होतं, त्याला ‘अक्षरं’ जुळवलं होतं. तपासणाऱ्यानं शुद्ध करायचं म्हणून ‘पाखरे’ केलं आणि ‘अक्षरं’ तसंच ठेवलं. त्याच्या बाजूनं चूक काहीच नव्हती. लेखी मराठीत एकारान्त रूप चालतंच, बोलतानाचं टिंबवालं रूपही चालतं. फक्त एक ओळ ह्या घरात आणि दुसरी त्या घरात राहिली. अंक हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

तुमच्या स्पर्धेत कोडी टाइप करून वाटणार असतील तर हीच भीती ‘संत्रं’ला आहे. कुणी ‘संत्रे’ केलं की ‘यंत्र’शी असलेलं नातं तुटलं. ‘संत्रे’ ठेवायचंच झालं तर सगळं कोडंच ‘यंत्रे’, ‘मंत्रे’च्या घरात न्यावं लागेल, आणि ‘मंत्रे’ म्हटलं की भटजी उभे राहतात. त्यापेक्षा टाइप करणारीला सांगून ठेवा, की ‘कुठलं’, ‘आलं’, ‘बरं’ आणि उत्तरातलं ‘संत्रं’, ह्या चौघांचे टिंब हलवायचे नाहीत. स्पर्धेच्या आधी घरात कुणाला तरी, कागद न दाखवता, पहिल्या तीन ओळी आणि चौथीचा ‘सांगा बरं’पर्यंतचा तुकडा वाचून दाखवा. ‘संत्रं’ लगेच आलं तर झालं. ‘मंत्र’च पुन्हा आला तर काटोल पुरेसं बोलत नाहीये; तिथं ‘केशरी’ घालून बघा.